पादचाऱ्यांची वेळ आणि चौकातल्या सिग्नलचा हिशोब

प्रश्न: फोंड्याच्या बाजूला आमच्या गावात हायवेवर चार रस्त्यांचा चौक आहे. सिग्नलला पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा माणूस आणि उतरता आकडा दिसतो. आई सत्तरीला आलीय, बाजाराची पिशवी घेऊन निघते आणि रस्त्याच्या मधोमध पोहोचते तोवर आकडा संपून गाड्या सुटतात. दुपारी मात्र आडव्या रस्त्याला एक गाडी नसते तरी हिरवा चालूच. ही वेळ ठरवतात कशी? आणि पादचाऱ्यांची वेळ नुसती वाढवता येत नाही का?

उत्तर:

वाढवता येते. फक्त ती पादचाऱ्याच्या दिव्यापुरती वेगळी वाढवता येत नाही. तुमची आई हायवे ओलांडते ती आडव्या रस्त्याच्या हिरव्यात, कारण हायवेच्या गाड्या तेव्हाच थांबलेल्या असतात. म्हणजे तिला दहा सेकंद जास्त द्यायचे तर आडव्या रस्त्याचा हिरवा दहा सेकंदांनी वाढतो, हायवेचा लालही तेवढाच वाढतो, आणि मग हायवेची रांग सांभाळायला त्याचा हिरवाही थोडा वाढवावा लागतो. एक आकडा हलवला की सगळी सायकल, म्हणजे सगळ्या दिव्यांचा एक पूर्ण फेरा, हलते. म्हणून बरेच ठिकाणी तो आकडा कुणी हलवतच नाही. पण हिशोब मांडून पाहिला तर किंमत वाटते त्याहून खूप कमी निघते. तो हिशोबच इथे मांडतो.

तुमचा चौक मी मोजलेला नाही. म्हणून गोव्यात हायवेवर जसा असतो तसा एक चौक धरतो. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे. हायवे दुभाजकाचा, एका बाजूला सात मीटर, चौकाशी उजवीकडे वळणाऱ्यांसाठी तीन मीटरची वेगळी लेन. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालायचे अंतर १८ मीटर. आडवा रस्ता गावातून बाजाराकडे जाणारा, दुभाजक नसलेला, तोंडाशी एका बाजूला चार मीटर.

पहिले काम मोजणीचे. चौकात माणसे बसवून प्रत्येक रस्त्यावरून सरळ, डावीकडे आणि उजवीकडे किती वाहने गेली ते पंधरा-पंधरा मिनिटांनी लिहितात. हल्ली कॅमेरा लावून नंतर मोजतात. कोणत्या दिवशी मोजले याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. म्हापशात शुक्रवारच्या बाजारादिवशी मोजलेला चौक आणि मंगळवारी मोजलेला चौक हे दोन वेगळे चौक असतात. चवथीच्या आदल्या आठवड्यातली गर्दी, डिसेंबरातली पर्यटकांची गर्दी आणि जूनमधली शाळा सुटतानाची गर्दी यांची जात वेगळी असते, म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर वर्षभराची वेळ ठरवू नये. आणि पायी जाणारे मोजायचेच. मोजणीच्या तक्त्यात पादचाऱ्यांचा रकाना नसेल, तर पुढे त्यांच्या वाट्याला उरलीसुरली वेळच येते.

वाहने सारखी नसतात, म्हणून सगळी एका मापात आणावी लागतात. त्या मापाला पीसीयू म्हणतात. कार म्हणजे एक, बस किंवा ट्रक दीडपटीहून थोडा जास्त, दुचाकी साधारण ०.४. गोव्यात रस्त्यावर दुचाकीच जास्त, त्यात भाड्याने माणसे नेणारे मोटरसायकल पायलट, भाड्याच्या स्कूटर, कामावर जाणारी माणसे. लाल असताना त्या कडेकडेने पुढे येऊन स्टॉप लाइनशी गोळा होतात आणि हिरवा पडताच पहिल्या काही सेकंदांत एकदम निघून जातात. त्यामुळे इथल्या चौकात सुरुवातीचे सेकंद बाहेरच्या पुस्तकात लिहिलेय त्याहून जास्त कामाचे असतात. शक्य असेल तिथे हे जागेवर घड्याळ लावून मोजावे असे माझे मत आहे. मोजता आले नाही तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९३ या मार्गदर्शिकेतले ठोकताळे आहेतच: साडेपाच मीटरहून रुंद रस्त्यावरून, हिरवा तासभर अखंड राहिला तर, रुंदीच्या दर मीटरमागे ५२५ पीसीयू जातात. सात मीटरला ३,६७५. चार मीटरच्या रस्त्याला तीच मार्गदर्शिका १,९५० धरते. याला संपृक्त प्रवाह म्हणतात, म्हणजे रांग भरलेली असताना रस्ता जास्तीत जास्त किती वाहने सोडू शकतो तो आकडा.

आता फेज. एकाच वेळी कोणकोणत्या हालचाली सोडायच्या, त्या गटाला फेज म्हणतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून चौकात खरी अडचण उजवीकडे वळणाऱ्याची असते; त्याला समोरून येणाऱ्याला आडवे जावे लागते. डावीकडे वळणारा गाड्यांच्या वाटेत फारसा येत नाही, पादचाऱ्याच्या वाटेत मात्र तोच सगळ्यात जास्त येतो. आपल्या चौकात तीन फेज धरू. पहिलीत हायवे दोन्ही बाजूंनी सरळ. दुसरीत हायवेवरून उजवीकडे वळणारे, दोन्ही बाजूंचे. तिसरीत आडवा रस्ता दोन्ही बाजूंनी. चार रस्ते असले की चार फेज हव्यातच, प्रत्येक रस्ता एकेक करून सोडायचा, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. समजायला ती सोपी आहे, वळणाऱ्यांची भांडणेही मिटतात, पण प्रत्येक वाढीव फेज दर सायकलीला ठरावीक सेकंद खाते, आणि लाल दिव्यापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांची वाट लांबवते.

ते सेकंद कुठे जातात ते पाहा. हिरवा पडल्यावर पहिला चालक भानावर येऊन गाडी हलवेपर्यंत दोनेक सेकंद जातात. हिरवा संपल्यावर पिवळा तीन सेकंद आणि त्यानंतर दोन सेकंद सगळ्यांनाच लाल, म्हणजे चौकात अडकलेला निघून जावा. यातला पिवळा बहुतेक वापरला जातो. हिशोब केला तर दर फेजला सुमारे चार सेकंद फुकट जातात. तीन फेजला बारा.

संध्याकाळच्या गर्दीच्या तासाला हायवेच्या जड बाजूने १,२५० पीसीयू सरळ येतात असे धरा. १,२५० भागिले ३,६७५ म्हणजे ०.३४. याचा अर्थ तासातला ३४ टक्के वेळ त्या बाजूला हिरवा मिळायलाच हवा, त्याहून कमी दिला तर रांग वाढतच जाईल. उजवीकडे वळणारे १६०. वळणारी गाडी सावकाश जाते, म्हणून त्या लेनची क्षमता १,६०० धरली तर ०.१०. आडव्या रस्त्याच्या जड बाजूचे ३९० भागिले १,९५० म्हणजे ०.२०. बेरीज ०.६४. ही बेरीज ०.९ च्या आसपास गेली, तर दिव्याच्या वेळेशी कितीही खेळा, चौक सुटत नाही. रस्ताच रुंद करावा लागतो किंवा वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. ०.६४ हा चांगला आकडा आहे.

या बेरजेवरून सायकल, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा पूर्ण फेरा, काढायचे सूत्र वेबस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९५८ मध्ये दिले. आपल्याकडेही तेच वापरतात:

```
C = (1.5 L + 5) / (1 - Y)
```

L म्हणजे फुकट गेलेले सेकंद, इथे बारा. Y म्हणजे ती बेरीज. वर तेवीस, खाली ०.३६, उत्तर सुमारे ६४. पाचच्या पटीत ६५ सेकंद घेऊ. त्यातले बारा वजा केले की ५३ उरतात, ते तिन्ही फेजमध्ये ज्याच्या त्याच्या वाट्याने वाटायचे: २८, ८ आणि १७. हा परिणामकारक हिरवा, म्हणजे गाड्या प्रत्यक्षात जातात ते सेकंद; काही गाड्या पिवळ्यातही निघतात, म्हणून दिव्यावरचा हिरवा याहून एकेक सेकंद कमी ठेवतात. दिव्यावर दिसणारा हिरवा हायवेला २७, उजव्या वळणाला ७ आणि आडव्या रस्त्याला १६ सेकंद येतो. प्रत्येकामागे तीन पिवळा आणि दोन सर्वांना लाल मिळून ६५ पूर्ण.

गाड्यांच्या दृष्टीने हे उत्तर अगदी बरोबर आहे. खूप चौकांचा हिशोब इथेच थांबतो, आणि तुमच्या आईची अडचण इथेच सुरू होते.

तिला लागणारी वेळ वेगळ्या रीतीने काढतात आणि तिचे दोन भाग असतात. पहिला, निघायची वेळ: हिरवा माणूस दिसला, पाहिले, पाऊल टाकले. कडेला चार-पाच माणसे उभी असतील तर मागच्यालाही निघता आले पाहिजे, म्हणून किमान सात सेकंद. दुसरा, पोहोचायची वेळ: अंतर भागिले चाल. हिशोबात चाल साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. धडधाकट माणसाला ती ठीक आहे. बाजार, देऊळ, शाळा, इस्पितळ जवळ असेल तिथे मी एक मीटरच धरतो, आणि म्हातारी माणसे जास्त असतील तर ०.९. अठरा मीटरला १.२ ने पंधरा सेकंद लागतात, एकने अठरा, ०.९ ने वीस. एक मीटर धरू: सात अधिक अठरा, पंचवीस. त्यावर तीन सेकंद राखीव. लाल माणूस दिसल्यापासून हायवेच्या गाड्या सुटेपर्यंत मध्ये एवढे अंतर लागतेच, नाहीतर शेवटचे पाऊल बाकी असलेल्या माणसाच्या अंगावर गाडी येते. एकूण अठ्ठावीस सेकंद.

आडव्या रस्त्याच्या फेजमध्ये आहेत किती? १६ हिरवा, ३ पिवळा, २ सर्वांना लाल: एकवीस. सात सेकंद कमी. हिरवा माणूस दिसताच निघालेली तुमची आई एकवीस सेकंदांत पलीकडे पोहोचेल, कारण तिला अठराच लागतात. पण पाचव्या सेकंदाला निघाली, किंवा पिशवीमुळे चाल ०.८ वर आली, तर गाड्या सुटताना ती रस्त्यातच असेल. तुम्ही वर्णन केले ते असेच घडत असणार.

मग आडव्या रस्त्याचा हिरवा सोळावरून तेवीस करू, म्हणजे तेवीस, तीन आणि दोन मिळून अठ्ठावीस. पण सायकल ६५ च ठेवून हे सात सेकंद हायवेकडून काढून घेतले तर हायवेचा परिणामकारक हिरवा २८ वरून २१ वर येतो. ६५ सेकंदांच्या ३४ टक्के म्हणजे बावीस. लागतात बावीस आणि मिळतात एकवीस, म्हणजे रांग दर फेऱ्याला वाढत जाणार आणि दोन दिवसांत कुणीतरी तक्रार करून वेळ पूर्ववत करून घेणार. म्हणून सायकल वाढवायची, पण किती? हायवे आणि उजवे वळण त्यांच्या क्षमतेच्या ८५ टक्क्यांपर्यंत भरू दिले, तर हिशोब ७५ सेकंदांवर येतो. दिसणारा हिरवा हायवेला २९, उजव्या वळणाला ८, आडव्या रस्त्याला २३, पंधरा सेकंद पिवळ्या-लालाचे, एकूण ७५. पासष्टऐवजी पंच्याहत्तर. एवढ्या दहा सेकंदांनी आईचा रस्ता पूर्ण होतो.

यात आणखी एक गोष्ट हाती लागते. आडव्या रस्त्याच्या गाड्यांना तेवीस सेकंदांची गरजच नाही. अठरा मिळाले तरी त्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहतात. तेवीस लागतात ते माणसांना. मग पहिले पाच सेकंद फक्त माणसांना का देऊ नयेत? हिरवा माणूस आधी, आडव्या रस्त्याच्या गाड्यांचा हिरवा पाच सेकंदांनी नंतर. त्या पाच सेकंदांत माणूस पाच मीटर आत गेलेला असतो. आडव्या रस्त्यावरून डावीकडे वळून हायवेला लागणाऱ्या चालकाला तो झेब्रावर समोर दिसतो. कडेला उभा असला की चालक त्याला गृहीत धरत नाही. सायकल एका सेकंदानेही वाढत नाही. चौक सुरक्षित करायचे इतके स्वस्त उपाय या क्षेत्रात फार थोडे आहेत, आणि तरी हा फार कमी ठिकाणी दिसतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

फ्री लेफ्ट असेल तर मात्र हे सगळे वाया जाते. डावीकडे वळणाऱ्याला कधीच लाल नाही, म्हणजे त्या कोपऱ्यावर पादचाऱ्याला कधीच हिरवा नाही, दिव्यावर काहीही दिसो. बाजाराजवळच्या चौकात डावे वळणही सिग्नलखाली आणावे, असे माझे ठाम मत आहे. हायवेच्या फेजमध्येच डावीकडे जाणारे बहुतेक निघून जातात. त्यांचा तोटा लोकांना वाटतो तेवढा होत नाही.

आता उतरत्या आकड्याकडे येऊ. तिसऱ्या फेजचे अठ्ठावीस सेकंद एकेक करून पाहिले की तो कुठे बसतो ते कळते. शून्याव्या सेकंदाला हिरवा माणूस. पाचव्याला आडव्या रस्त्याच्या गाड्या सुटतात. सातव्याला हिरवा माणूस लुकलुकू लागतो आणि आकडा १८ पासून उतरायला लागतो. तेविसाव्याला आडव्या रस्त्याचा हिरवा संपून पिवळा येतो. पंचविसाव्याला आकडा शून्य, लाल माणूस. सव्विसाव्याला पिवळा संपून सर्वांना लाल. अठ्ठाविसाव्याला हायवे सुटतो.

म्हणजे आकडा ज्याने आधीच पाऊल टाकले आहे त्याच्यासाठी आहे: तुझ्याकडे एवढे सेकंद उरलेत, पोहोच. लुकलुकायला लागल्यावर कडेला उभ्या असलेल्याने निघायचे नाही, मग आकडा १८ दिसो की १२. आपल्याकडे गोंधळ होतो तो यातूनच. पुष्कळ ठिकाणी आकडा हिरव्या माणसाच्या पहिल्याच सेकंदापासून, २५ पासून उतरवतात. निघायची वेळ आणि पोहोचायची वेळ यांची सीमाच दिसत नाही. १० दिसले की माणूस म्हणतो, दहा सेकंद आहेत अजून, आणि निघतो. अठरा मीटरला त्याला अठरा सेकंद लागणार, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेले नाही. तुमच्या चौकात तसा दिवा असेल तर आईला एक सोपी खूण सांगा: रस्ता जितके मीटर, तितक्याहून कमी आकडा दिसला तर पुढच्या हिरव्याची वाट पाहायची.

गाड्यांच्या टायमरची गोष्ट वेगळी. लांब लालात तो इंजीन बंद करायला उपयोगी पडतो, ते चांगलेच. पण आकडा ३-२-१ वर आला की दुचाकी स्टॉप लाइन सोडून झेब्रावर सरकते आणि शून्याला पूर्ण वेगात असते. पादचाऱ्यासाठी आपण राखून ठेवलेले ते तीन सेकंद नेमके तिथे खाल्ले जातात. म्हणून लालाचा टायमर शेवटच्या पाचेक सेकंदांत कोरा ठेवावा असे मी सुचवतो. दुसरी मर्यादा अशी की आकडा आधीच दाखवायचा तर वेळ आधीच ठरलेली हवी. रस्त्यावरचा सेन्सर किंवा कॅमेरा रांग पाहून हिरवा लांबवत वा तोडत असेल, किंवा हवालदार बॉक्स उघडून हाताने सिग्नल चालवत असेल, तर आकडा मध्येच उडी मारतो. २० वरून एकदम ३ झालेला टायमर तुम्ही पाहिला असेल. तो बहुतेक वेळा याचमुळे. पादचाऱ्याच्या लुकलुकत्या हिरव्यात मात्र अशी उडी कधीच चालत नाही. ते अठरा सेकंद एकदा सुरू झाले की हाताने चालवतानाही कापायचे नाहीत, आणि कंट्रोलरमध्ये तसे कुलूप घालता येते.

लोक दोन उपाय नेहमी सुचवतात. पहिला, सगळ्या गाड्या थांबवून फक्त माणसांची वेगळी फेज. ऐकायला आदर्श वाटते. पण आपल्या चौकात ती अठ्ठावीस सेकंदांची फेज गाड्यांच्या दृष्टीने पूर्ण फुकट गेलेली वेळ. L बारावरून चाळीस होतो, आणि सूत्रातून सायकल १८० सेकंद येते. आयआरसीच्या हिशोबात १२० च्या वर जायचेच नसते. शिवाय ज्याच्यासाठी केले त्याचेच नुकसान. सात सेकंदांची निघायची वेळ धरली तर ७५ च्या सायकलीत पादचारी सरासरी ३१ सेकंद थांबतो, १२० च्या सायकलीत ५३ आणि १८० मध्ये ८०-८५. अर्ध्या मिनिटापलीकडे माणसाचा धीर सुटतो आणि तो फट पाहून लालातच निघतो. वेगळी फेज जिथे आडवा रस्ता अगदी हलका आहे किंवा माणसांचे लोंढे आहेत तिथे शोभते. दुसरा उपाय, सायकलच मोठी करणे. मोठ्या सायकलीत फुकट जाणाऱ्या सेकंदांचे प्रमाण कमी होते हे खरे, ६० मध्ये बारा म्हणजे वीस टक्के, १२० मध्ये दहा टक्के. पण उजवीकडे वळणाऱ्यांची रांगही दुप्पट होते, ती वळणाच्या लेनमध्ये मावत नाही, शेपूट सरळ जाणाऱ्यांच्या लेनमध्ये येते, आणि मग हायवेला हिरवा असूनही एक लेन अडकलेली. मिळवलेले दहा टक्के तिथेच जातात.

रस्ता पंचवीस-तीस मीटर रुंद असेल तर एकाच दमात ओलांडायची वेळ खरोखरच परवडत नाही. तिथे दुभाजकावर नीट उभे राहता येईल अशी जागा करून दोन टप्प्यांत ओलांडायची सोय करतात. जागा कुंड्या आणि फलकांनी भरलेल्या दीड फुटी दुभाजकाची नसावी. पिशवी, छत्री आणि हाताला धरलेले मूल घेऊन उभे राहता आले पाहिजे.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर वरच्या हिशोबातच आहे. दुपारी आडव्या रस्त्याला गाडी नसताना दिसणारा हिरवा कदाचित ओलांडणाऱ्या माणसांसाठीच ठेवलेला असेल. पण दुपारी माणूसही नसेल, तर ते सेकंद खरेच वाया जातात. अशा वेळी पादचाऱ्यासाठी बटण असते: कुणी दाबले तर त्या फेऱ्यात पूर्ण अठ्ठावीस सेकंद, नाही दाबले तर गाड्यांपुरती छोटी वेळ. बटण बंद पडले की मात्र छोटीच वेळ कायमची होऊन बसते, आणि लोकांना वाटते वेळच कमी आहे. म्हणून बिघडल्यावर पूर्ण वेळ द्यावी अशी मांडणी कंट्रोलरमध्ये आधीच करून ठेवायची असते. गर्दीच्या तासाला बटणाचा प्रश्नच ठेवू नये. दर फेऱ्याला हिरवा माणूस आपोआप यावा.

हे सगळे कागदावर बरोबर असूनही चौक बिघडतो, तो कसा ओळखायचा ते सांगतो, कारण घड्याळ घेऊन उभे राहिलेल्या कुणालाही ते दिसते. हिरवा संपताना रांग शिल्लक राहते आणि असे सलग तीन-चार फेरे होते, तर त्या फेजला वेळ कमी पडते. शेवटची गाडी जाऊन आठ-दहा सेकंद झाले तरी हिरवा चालू आणि ओलांडणारेही कोणी नाही, तर वेळ जास्त आहे. हिरवा आहे, रांग आहे, पण गाड्या पुढे सरकत नाहीत, तर दोष दिव्याचा नाहीच. चौक ओलांडल्यावर काय आहे ते पाहा. आपल्याकडे तिथे बहुतेक वेळा बस उभी असते. चौकाच्या पलीकडे वीस-तीस मीटरवर कंडक्टर प्रवासी भरत असतो, मागची दुसरी बस तिच्या बाजूला, आणि दोन लेनचा रस्ता बंद. अशा वेळी हिरवा वाढवला तर थांबलेल्या गाड्या फक्त जास्त वेळ हिरव्याकडे बघत बसतात. थांबा शंभरेक मीटर पुढे हलवला की तोच हिरवा पुरतो.

पावसात आणखी एक बिघाड होतो. वीज जाते-येते आणि कंट्रोलरचे घड्याळ मागे पडते. दिवसात सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे लुकलुकते पिवळे असे तीन-चार आराखडे त्यात भरलेले असतात. घड्याळ चुकले की संध्याकाळचा आराखडा भलत्याच वेळी चालू होतो, किंवा यंत्र त्याच्या मूळ वेळेवर परत जाते. चौक एकाएकी, रस्त्यात काही न बदलता, वाईट वागायला लागला तर पहिला संशय यावर घ्या. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, म्हणून पावसाळ्यात तीनऐवजी चार सेकंद पिवळा द्यावा, असे मी हायवेच्या फेजसाठी नेहमी म्हणतो.

तुमच्यापुरते करायचे ते असे. संध्याकाळच्या गर्दीत उभे राहून तीन गोष्टी मोजा. आई ज्या वाटेने ओलांडते तिथले कडेपासून कडेपर्यंतचे अंतर, टेपने. हिरवा माणूस दिसल्यापासून लाल माणूस दिसेपर्यंतचे सेकंद, पाच-सहा फेऱ्यांत. प्रत्येक फेऱ्यात वेगळे आले तर सिग्नल हाताने किंवा सेन्सरवर चालतोय. आणि लाल माणूस दिसल्यापासून हायवेला हिरवा पडेपर्यंतचे सेकंद. अंतराच्या मीटरमध्ये सात मिळवा. दुसरी मोजणी त्याहून कमी असेल तर वेळ अपुरी. तिसरी मोजणी तीनहून कमी असेल तर ते जास्त गंभीर, आणि ते दुरुस्त करायला सायकल दोन-तीन सेकंदांनीच वाढते.

अर्ज वाहतूक पोलिसांकडे द्या आणि एक प्रत रस्ता ज्या खात्याकडे आहे त्यांना. ‘वेळ वाढवा’ एवढेच लिहू नका. मोजलेले तिन्ही आकडे तारीख आणि वेळेसकट लिहा, आणि त्या चौकाची चालू टायमिंग शीट मागा. तिच्यात प्रत्येक आराखड्याची सायकल, फेज आणि पादचाऱ्याचे सेकंद लिहिलेले असतात. कागदावर पंचवीस आणि रस्त्यावर अठरा निघाले तर दुरुस्ती कंट्रोलरची आहे, एका फेरीत होते. कागदावरच अठरा असतील तर पुन्हा मोजणी करून वर दाखवला तसा हिशोब करायला सांगा, आणि त्यात चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरायला सांगा.